ठसका लागला नाही, म्हणजे घोट नीट उतरला असं नाही

पक्षाघाताचा चौथा दिवस. वय 71, उजवा हात आणि पाय लुळा, बोलणं अडखळत, पण समजतं सगळं. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी वॉर्डात शिरले तेव्हा पलंगाची पाठ अर्धवट उचललेली होती, अण्णा उशीवरून घसरून खाली आले होते आणि त्यांची हनुवटी छताकडे होती. सूनबाई चमच्याने चहा पाजत होत्या. "अण्णा, थोडासा घ्या, घशाला बरं वाटेल." दहा-बारा चमचे गेले होते. एकदाही ठसका लागला नव्हता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या.

मी अण्णांना नाव विचारलं. उत्तर आलं, पण तोंडात गुळणी धरून बोलावं तसं, ओलसर आणि घरघरतं. सूनबाई म्हणाल्या, "सकाळी आवाज चांगला मोकळा होता." चहा तिथेच थांबवला. संध्याकाळी अण्णांना ताप भरला आणि छातीच्या एक्स-रेवर उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला.

सूनबाईंची यात काही चूक नव्हती. तोंडाने देण्याआधी अण्णांचं गिळणं कोणी तपासलेलंच नव्हतं. ही तपासणी पलंगाशेजारी, एक चमचा आणि एक पेला एवढ्यावर होते. ती कशी करतात, आणि नंतर भरवताना माणसाला कसं बसवायचं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी गिळताना काय होतं ते पाहू. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर जाऊन खाली येतो. त्या जेमतेम सेकंदभरात स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, त्यावरचं झाकण मागे कलतं, स्वरपट्ट्या घट्ट मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं एरवी बंद असलेलं तोंड उघडतं. घास गेला की श्वास पुन्हा सुरू होतो, आणि बहुतेक वेळा तो उच्छ्वासाने होतो, म्हणजे चुकून राहिलेला कण बाहेर ढकलला जावा. घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता एकमेकांना ओलांडतो, आणि या सगळ्या हालचालींचा मेळ मेंदू घालतो.

पक्षाघातात हा मेळ बिघडतो. एका बाजूचे ओठ आणि जीभ ढिली पडते, घास गालात साचतो, आणि मुख्य म्हणजे कंठमणी वर जायला उशीर होतो. घट्ट घास हळू सरकतो, तो थोडा वेळ थांबतो. पाणी आणि चहा थांबत नाहीत. झाकण कलायच्या आधीच ते घशात उतरतात आणि उघड्या श्वासनलिकेत शिरतात. म्हणून लकव्याच्या माणसाला पाणी हा सगळ्यात अवघड पदार्थ असतो. आपण मात्र "निदान पाणी तरी द्या" म्हणून सुरुवात त्यानेच करतो.

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत थेंब गेला तर लगेच ठसका लागतो. पण पक्षाघाताने घशाची आणि स्वरयंत्राची संवेदनाच मंदावली असेल, तर थेंब आत गेल्याचं शरीराला कळतच नाही. खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही, चेहऱ्यावर काही नाही. याला आम्ही मूक ठसका म्हणतो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत साधारण निम्म्या लोकांना गिळायला काही ना काही त्रास असतो, आणि ज्यांचं अन्न-पाणी श्वासनलिकेत जातं त्यांतल्या बऱ्याच जणांना खोकला येतच नाही. बहुतेकांचं गिळणं पुढच्या काही आठवड्यांत सुधारतं. धोका असतो तो याच मधल्या काळात.

आता तपासणी. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पद्धती आहेत. मला सगळ्यात समजायला सोपी वाटते ती ऑस्ट्रियातल्या गुगिंगची, 2007 साली प्रसिद्ध झालेली. तिचं शहाणपण क्रमात आहे: आधी काहीच द्यायचं नाही, मग घट्ट, मग पातळ, आणि शेवटी चावायचं. एकूण 20 गुण. चार टप्प्यांचे प्रत्येकी पाच, आणि एका टप्प्यात पाचपैकी पाच मिळाले तरच पुढे जायचं.

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर, आठव्या दिवशी, अण्णांची तपासणी केली. पहिल्या टप्प्यात चमचा हातातही घेतला नाही. माणूस किमान पंधरा मिनिटं जागा आणि सावध राहू शकतो का? सांगितल्यावर जोरात खोकू किंवा घसा खाकरू शकतो का? स्वतःचा आवंढा गिळतो का? तोंडातून लाळ गळते का? आवाज ओलसर किंवा घोगरा आहे का? अण्णा या सगळ्यांत पास झाले, पाच गुण. पेंगणाऱ्या माणसाची तपासणी इथेच थांबते, आणि ते योग्यच आहे. ज्याला स्वतःची लाळ सांभाळवत नाही त्याला खीर देऊन बघण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या टप्प्यात पाणी पुडिंगसारखं घट्ट करून आधी अर्धा चमचा दिला, मग काही त्रास दिसला नाही म्हणून आणखी पाच चमचे. प्रत्येक वेळी बोटं कंठमण्यावर. वर गेला की नाही, आणि गेला तर किती वेळाने? दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तो उशीर धरतात. खोकला, लाळ गळणं आणि आवाजातला फरक हे तीनही पाहायचे. घट्ट पाण्याला अण्णांना पुन्हा पाच गुण मिळाले. सूनबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

तिसऱ्या टप्प्यात साधं पाणी: 3 मिली, 5 मिली, 10 मिली. दहाच्या घोटाला कंठमणी रेंगाळत वर गेला. खोकला आला नाही. मी म्हटलं, "अण्णा, आ म्हणा." आवाज पुन्हा तोच, गुळणीचा. उशिरा गिळल्याचा एक गुण गेला, आवाजाचा एक गेला. पातळाला तीन. पुढे 20 आणि 50 मिली दिलंच नाही, चौथ्या टप्प्यातली पोळी-बिस्किटं तर दूरच. एकूण 13.

10 ते 14 गुणांचा अर्थ असा: घोटून मऊ केलेलं अन्न चालेल, पातळ पदार्थ सगळे घट्ट करूनच, गोळ्या कुटून घट्ट पदार्थात, पातळ औषधं बंद, आणि पुढची तपासणी हवी. 9 किंवा कमी असते तर तोंडाने काहीच नाही, नाकातून नळी. कुटण्याआधी मात्र प्रत्येक गोळी डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला दाखवा. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या तर सगळा डोस एकदम अंगात जातो.

काही ठिकाणी आणखी साधी पद्धत वापरतात: 90 मिली पाणी, म्हणजे अर्ध्या पेल्याहून थोडं कमी, न थांबता प्यायला सांगतात. मध्ये थांबला, ठसका लागला किंवा नंतर आवाज ओलसर झाला, तर नापास. ती चांगली आहे, पण ती प्रशिक्षित नर्सने किंवा थेरपिस्टने, ऑक्सिजन आणि सक्शन जवळ असताना करायची आहे. हा लेख वाचून घरी आजोबांना पेला हातात देऊन बघू नका, एवढी कळकळीची विनंती.

पलंगाशेजारची कुठलीच तपासणी घशाच्या आत बघत नाही. आत बघायचं तर दोन मार्ग आहेत. बेरियम मिसळलेला घास गिळताना चालता एक्स-रे काढतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात. तालुक्याच्या गावी हे सहसा मिळत नाही, मोठ्या शहरात मिळतं. अण्णांचा एक्स-रे झाला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पातळ पाणी खरोखरच श्वासनलिकेत उतरत होतं, खोकल्याशिवाय. आणि घट्ट घासाचा थोडा भाग घशाच्या उजव्या खळग्यात साचून राहत होता.

बसवण्याची पद्धत यावरून ठरते.

सगळ्यांना लागू पडणारी गोष्ट म्हणजे ताठ बसणं. शक्य असेल तर खुर्चीत बसवा. कंबर खुर्चीच्या पाठीला टेकलेली, पाऊल जमिनीवर सपाट आणि नाही पोचलं तर खाली पाट, लुळा हात उशीवर, समोर कोपराच्या उंचीचं टेबल. पाय लोंबकळत असले की माणूस सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतो आणि मान ताठरते. पलंगावरच भरवायचं असेल, तर आधी दोघांनी मिळून माणसाला वर ओढा, इतकं की पलंग जिथे वाकतो तिथेच त्याची कंबर वाकली पाहिजे. मग पाठ जमेल तेवढी सरळ करा, गुडघ्यांखाली थोडा उंचवटा द्या म्हणजे तो घसरत नाही, आणि डोक्यामागे उशी घालून मान किंचित पुढे आणा. पलंगाची पाठ उचलली पण माणूस खालीच राहिला, तर पोट दुमडतं आणि हनुवटी वर जाते. त्या दिवशी चहा पिताना अण्णांचं नेमकं हेच झालं होतं.

हनुवटी वर गेली की श्वासनलिकेचा रस्ता सरळ आणि मोकळा होतो. आपल्याकडे तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पिण्याची सवय आहे, तिच्यात मान नेमकी अशीच मागे जाते. निरोगी माणसाला ते जमतं. लकव्यानंतर ही सवय बंद करायला हवी, आणि वडीलधाऱ्यांना हे पटवायला वेळ लागतो. फुलपात्राचंही तसंच. ते भरलेलं असतं तोवर मान सरळ राहते, अर्ध्याखाली गेलं की शेवटचा घोट घ्यायला डोकं मागे टाकावंच लागतं. म्हणून पेला थोडा-थोडा पुन्हा भरत राहा, किंवा नाकासाठी एका बाजूला खाच कापलेला प्लास्टिकचा पेला वापरा.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावणं ही पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक असते आणि ती सरसकट सांगितलीही जाते. तिने काहींना फायदा होतो: श्वासनलिकेचं तोंड अरुंद होतं आणि लवकर उतरलेल्या पाण्याला थांबायला जागा मिळते. पण ज्याचे ओठ ढिले आहेत त्याचा घास पुढून सांडतो, आणि ज्याच्या घशात खाली उरलेलं अन्न साचतं त्याचं ते साचलेलं श्वासनलिकेत सांडू शकतं. अण्णा या दुसऱ्या गटात होते, त्यांना हनुवटी झुकवायला सांगितली नाही.

त्यांना उपयोगी पडलं ते डोकं उजवीकडे, म्हणजे कमजोर बाजूकडे वळवणं. ऐकायला उलटं वाटतं. पण डोकं ज्या बाजूला वळतं त्या बाजूचा घसा दाबून बंद होतो, आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. एक्स-रेवर डोकं समोर असताना खळग्यात घास साचत होता, उजवीकडे वळवल्यावर तो जवळजवळ सगळा खाली गेला. सूनबाईंना मी एवढंच सांगितलं की खुर्ची अण्णांच्या उजव्या हाताला, थोडी पुढे लावा. बोलताना ते आपसूक तुमच्याकडे बघतील आणि मान वळेल. मात्र हे अण्णांचं उत्तर होतं. हात ज्या बाजूचा लुळा, घसाही त्याच बाजूचा कमजोर असतो असं नाही. कोणत्या बाजूला वळायचं ते तपासणीनंतरच ठरवा. तपासणी झालीच नसेल, तर ताठ बसवणं आणि मान किंचितही मागे जाऊ न देणं, एवढ्यावर थांबा.

भरवणाऱ्याचं बसणंही तितकंच महत्त्वाचं. उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो, म्हणजे पुन्हा हनुवटी वर. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडं खाली बसा. चहाचा छोटा, सपाट चमचा, तोही अर्धाच. चमचा खालून आणून जिभेच्या मध्यावर हलका टेकवा, ओठ त्याला मिटू द्या आणि सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून रिकामा करू नका, त्याने डोकं मागे ढकललं जातं. मग थांबा. कंठमणी वर जाऊन खाली आला हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा घास नाही. पाच-सहा घासांनी एकदा "आ" म्हणायला लावा. आवाज ओलसर आला तर खोकून पुन्हा गिळायला सांगा, तरीही साफ नाही झाला तर त्या वेळचं जेवण संपलं. अर्ध्या तासापेक्षा लांबलं तरी थांबा, कारण थकलेला घसा जास्त चुकतो. जेवताना टीव्ही बंद ठेवा आणि घास तोंडात असताना प्रश्न विचारू नका. संपल्यावर कमजोर बाजूच्या गालात काही राहिलंय का बोटाने नाही, चमच्याच्या मागच्या बाजूने पाहा, आणि अर्धा तास तसंच ताठ बसवून ठेवा.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. कुणी तीर्थ आणतं, कुणी गंगाजळ, कुणी खडीसाखर तोंडात ठेवतं. त्यामागे प्रेम असतं, ते नाकारू नये. तीर्थ ओठांना लावा, डोळ्यांना लावा. झोपलेल्या माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतू देऊ नका.

घट्ट म्हणजे किती घट्ट? आयडीडीएसआय नावाची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, 0 ते 7 पायऱ्यांची. पातळ पदार्थ मोजायला साधी 10 मिलीची सिरिंज पुरते, सुई आणि आतला दट्ट्या काढलेली, जिच्यावर 0 ते 10 च्या खुणांची लांबी 61.5 मिलिमीटर आहे. खालचं तोंड बोटाने बंद करा, 10 मिलीपर्यंत भरा, बोट सोडा, दहा सेकंदांनी पुन्हा बंद करा. 1 मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच आहे. 4 ते 8 मिली उरलं तर पायरी दोन. अण्णांना एक्स-रेवर डोकं वळवून याच घट्टपणाचं पाणी सुरक्षित गेलं, म्हणून घरी प्रत्येक पेला असा मोजायला शिकवला. अंदाजाने केलेलं सकाळचं पातळ आणि संध्याकाळचं लापशी होतं.

घट्ट कशाने करायचं यातही एक मेख आहे. कॉर्नफ्लॉवर, तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व हे सगळे पिठूळ पदार्थ. लाळेतलं एंझाइम पीठ तोडतं. तोंडात रेंगाळलं किंवा उष्टा चमचा वाटीत बुडला, की पेज बघता बघता पातळ होते. झँथन गमची पावडर तशी पातळ होत नाही, औषधाच्या दुकानात मागवून मिळते. नाचणीचं सत्त्व जरूर द्या, पण वाढतानाच वेगळ्या वाटीत काढा आणि लगेच संपवा.

मिश्र पदार्थ मात्र पूर्ण टाळायचे. दुधात कुस्करलेली भाकरी, पातळ वरणातला भात, रश्शातले बटाट्याचे तुकडे. आजारी माणसाचं म्हणून आपण हेच देतो. पण तोंडात मऊ भाग चावला जात असताना त्यातलं दूध किंवा पाणी आधीच घशात उतरतं. त्याऐवजी वरण-भात एकत्र घोटून एकजीव करा, चमचा तिरपा केला की गोळा अखंड खाली पडला पाहिजे आणि चमच्याला चिकटता कामा नये. साबुदाण्याची खिचडी चिकट, चिवडा-कुरमुरे सुटे आणि कोरडे, दोन्ही नकोत. पपईचा गर, घुसळलेलं घट्ट दही, घोटलेला मुगाचा शिरा चालतो.

घट्ट केलेल्या पाण्याने श्वासनलिकेत जाणं कमी होतं हे एक्स-रेवर दिसतं. न्यूमोनिया त्याने किती कमी होतो, याचा पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. शिवाय ते चवीला बरं लागत नाही, म्हणून लोक कमी पितात आणि अंगातलं पाणी घटतं. लघवी गडद होऊ लागली, माणूस पेंगू लागला, तर दिवसभरात किती मिली गेलं ते लिहून डॉक्टरांना दाखवा.

न्यूमोनिया होतो तो श्वासनलिकेत गेलेल्या पाण्याइतकाच तोंडातल्या जंतूंमुळे. लाळ तर रात्रंदिवस झिरपत असते, नाकात नळी असलेल्या माणसाचीही. नळी घातली म्हणजे तोंडाचं काम संपलं, असं समजून पेशंटचे दात आठ-आठ दिवस घासले जात नाहीत, हे पाहून मला फार वाईट वाटतं. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ घासा, पेस्ट अगदी थोडी, बसवून, आणि पाणी ओतण्याऐवजी ओल्या कापडाने पुसून घ्या. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा. नळीने देतानाही पाठ 30 ते 45 अंश उचललेली हवी.

पक्षाघात न झालेल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल थोडं. वयाने जिभेची आणि घशाची ताकद कमी होते, औषधांनी तोंड कोरडं पडतं, दात जातात, कंठमणी थोडा उशिरा उठतो. एवढ्याने कुणी आजारी पडत नाही, पण हाताशी राखीव ताकद राहत नाही. मग तापाने किंवा ऑपरेशनने चार दिवस अंथरूण धरलं, की गिळणं अचानक बिघडतं. घरच्यांना दिसतं ते असं: आजी चहा अर्धा ठेवून उठते, जेवायला पाऊण तास लागतो, साडी सैल होते, वर्षातून दोन-तीनदा "छातीत कफ" म्हणून ताप येतो. जेवताना ठसका नसला तरी या चार गोष्टी एकत्र दिसल्या, तर गिळणं तपासून घ्या.

अण्णा घरी गेले ते घट्ट पाणी, घोटलेलं जेवण आणि उजवीकडे लावलेल्या खुर्चीसह. दीड महिन्याने परत आले. तोच क्रम, तेच घोट. दहा मिलीला कंठमणी वेळेवर उठला. वीस दिलं, मग पन्नास, ताठ बसून, पेला भरलेला. मी म्हटलं, "आ म्हणा." आवाज कोरडा आणि मोकळा आला. एक मिनिट थांबून पुन्हा म्हणायला लावलं, तोच आवाज. सूनबाईंनी पिशवीतून थर्मास काढला आणि मला विचारलं, "आता पाजू का?" मी म्हटलं, "पाजू नका. कप त्यांच्या डाव्या हातात द्या, आणि तुम्ही उजवीकडे बसा."